डिस्चार्ज रजिस्टरमधून निघालेल्या चार ओळी

*ताई, नमस्कार. मी जीएनएम, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. बारा वर्षं नोकरी झाली. त्यातली शेवटची पाच वर्षं धंतोलीतल्या १२० खाटांच्या खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज आहे. २८ खाटा, १६ सिस्टर-ब्रदर. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ‘असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स’ची जागा निघाली आहे. अर्जात सगळ्यात वर चार-पाच ओळींची प्रोफेशनल समरी मागितली आहे. मी लिहिलं, “मी मेहनती, प्रामाणिक आणि प्रेमळ परिचारिका असून टीममध्ये काम करण्याची आवड आहे. प्रशासनात संधी मिळाल्यास जीव ओतून काम करीन.” माझा भाचा म्हणाला, मावशी, हे तर कोणीही लिहील. पण मी मॅनेजमेंट केलंच कुठं? मी वॉर्ड सांभाळला. आमच्याकडे डिस्चार्ज संध्याकाळपर्यंत लटकायचे, ते जानेवारीपासून आम्ही बरंच सुधारलं. कॅथेटरचं इन्फेक्शनही निम्मं झालं. हे लिहू का? कसं लिहू?*
*— एक इनचार्ज सिस्टर, नागपूर*

सिस्टर,

भाचा बरोबर बोलला. फक्त आता त्यालाच लिहायला बसवू नका, कारण तो ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ असले शब्द आणून टाकेल आणि ओळी आणखी पोकळ होतील. प्रेमळ असो की डायनॅमिक, दोन्ही शब्द वाचणाऱ्याला तपासता येत नाहीत. ऑपरेशन्सचा प्रमुख समरी वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात साधे प्रश्न असतात. या बाईच्या हातात किती मोठं काम होतं? त्यात तिला स्वतःला काय ठरवता येत होतं? तिच्यामुळे काय बदललं, आणि बदललं हे तिला कशावरून कळलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक नर्सेसच्या समरीत नसतं. उत्तराचं सामान मात्र त्यांच्याच अक्षरात वॉर्डातल्या कपाटात पडलेलं असतं.

तुमचं पत्र आल्यावर मी फोनवर डिस्चार्ज रजिस्टरमधल्या वेळा मागितल्या त्या यासाठीच. तुम्ही नावं, आयपी नंबर काहीही न देता नुसत्या वेळा काढून पाठवल्या, हे चांगलं केलंत. रजिस्टरचे फोटो काढून पाठवले असते तर मी ते उघडलेही नसते. ज्या अर्जदार बाईच्या मोबाइलमध्ये जुन्या हॉस्पिटलच्या रुग्णांची पानं आहेत, तिला नवं हॉस्पिटल कशाला घेईल?

आता डिस्चार्जचंच घेऊ. तुमच्या पत्रातली ती सगळ्यात भक्कम गोष्ट आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली.

पूर्वी तुमच्याकडे काय व्हायचं ते तुम्ही फोनवर सांगितलं. साडेदहाच्या राउंडला सर ‘याला सोडा’ म्हणायचे. तिथून आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, डिस्चार्ज समरी लिहायला बसायचे, पण दोन रिपोर्ट यायचे असायचे. उरलेली औषधं फार्मसीत परत करायला मावशींना पाठवायचं, तिथं रांग. मग नेब्युलायझेशन, ऑक्सिजनचे तास, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या असे वॉर्डाचे चार्जेस टाकायचे. ते टाकून फाइल बिलिंगला गेली की तिकडून फोन यायचा, “सिस्टर, परवाचं ड्रेसिंग टाकलं नाही तुम्ही.” फाइल परत. नातेवाईक काउंटर ते वॉर्ड असे हेलपाटे घालणार आणि शेवटी ओरडणार सिस्टरवरच.

जानेवारीपासून तुम्ही काय बदललं? संध्याकाळच्या राउंडलाच ‘उद्या बहुतेक सुटणार’ अशी यादी करायला लागलात. रात्रपाळीनं त्या रुग्णांची जास्तीची औषधं परत केली, तोवरचे चार्जेस टाकून ठेवले, आरएमओंनी समरीचा कच्चा मसुदा रात्रीच केला. सकाळी फक्त शेवटची भर. यासाठी एकही माणूस वाढवला नाही, एकही कॉम्प्युटर घेतला नाही. जे काम सकाळी साडेदहानंतर सगळ्यांच्या अंगावर एकदम पडायचं, त्यातलं निम्मं रात्री सरकवलं. सिस्टर, ऑपरेशन्स विभागात दिवसभर हेच करतात. तुम्ही त्याला ‘वॉर्ड सांभाळणं’ म्हणत होता, एवढंच.

पण ‘डिस्चार्ज लवकर होऊ लागले’ एवढं लिहून भागत नाही. किती लवकर, हे सांगायचं तर आधी घड्याळ कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं ते ठरवावं लागतं. इथंच बरेच जण घसरतात. तुमच्या रजिस्टरमध्ये चार वेळा आहेत: डॉक्टरांचा डिस्चार्जचा आदेश, फाइल बिलिंगला गेली ती वेळ, गेट पास दिला ती वेळ आणि खाट रिकामी झाली ती वेळ. तुम्ही पहिली आणि चौथी धरून हिशोब केला आणि मे महिन्याचे आकडे पाहून घाबरलात, कारण मेमध्ये सगळं पुन्हा डिसेंबरसारखं दिसायला लागलं.

घाबरू नका. नागपूरचा मे आहे तो. दीड वाजता गेट पास हातात पडला तरी गोंदिया नाहीतर बालाघाटला जाणारं कुटुंब त्या उन्हात पेशंटला घेऊन बाहेर पडेल का? ते वॉर्डातल्या कूलरसमोर बसून राहतात आणि पाच वाजता निघतात. आपणही कोणाला हाकलत नाही आणि हाकलूही नये. खाट उशिरा रिकामी झाली त्यात तुमची प्रक्रिया बिघडलेली नव्हती. म्हणून घड्याळ गेट पासवर थांबवा. ‘आदेश ते गेट पास’ हा भाग हॉस्पिटलच्या हातातला, त्यापुढचा बराचसा उन्हाच्या आणि एसटीच्या. असं मोजलं की तुमचा मे फेब्रुवारीपेक्षा फक्त पाच मिनिटांनी मागं आहे. मुलाखतीत हे सांगाल तेव्हा समोरच्याला कळेल की या बाईला आकडा काढता येतो आणि तो वाचताही येतो.

दुसरी चाळणी रोख आणि कॅशलेसची. दोन्ही एकत्र मिसळू नका. तुमच्याकडे डिसेंबरमध्ये रोखीचे ३९ डिस्चार्ज होते, फेब्रुवारीत ४४. रोखीच्या रुग्णांचा आदेश ते गेट पास हा वेळ ५ तास १० मिनिटांवरून ३ तास २० मिनिटांवर आला. कॅशलेसमध्ये मात्र जेमतेम वीस मिनिटांचा फरक पडला. ते साहजिक आहे. विमा कंपनीची अंतिम मंजुरी येईपर्यंत तुमची तयारी कितीही चोख असली तरी फाइल थांबतेच.

तरी कॅशलेसची सगळी जबाबदारी विमा कंपनीवर ढकलून मोकळं होऊ नका. विमा नियामक इर्डाईच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची आहे. म्हणजे ते घड्याळ तुमच्याकडं विम्याची कागदपत्रं पाहणाऱ्या टीपीए डेस्कनं विनंती पाठवल्यावर सुरू होतं. राउंड साडेदहाला आणि विनंती दीडला गेली असेल, तर मधले तीन तास आपलेच. तुमच्या रजिस्टरमध्ये ही वेळ लिहिलीच जात नाही. त्यामुळे समरीत कॅशलेसबद्दल काही लिहू नका. मुलाखतीत ‘पुढं काय कराल?’ असं विचारलं तर हाच मुद्दा सांगा: पहिल्या आठवड्यात मी टीपीए डेस्कला विनंती पाठवल्याची वेळ लिहायला लावीन.

मी वर दिलेले आकडे सरासरीचे नाहीत, मधल्या रुग्णाचे आहेत, हेही लक्षात ठेवा. डिसेंबरमध्ये तुमचा एक रुग्ण चौदा तास अडकला होता, कारण पैसे घेऊन येणारा भाऊ गडचिरोलीहून निघाला होता आणि वाटेत गाडी बंद पडली. असे एक-दोन जण सरासरी उगाच फुगवतात, आणि मग सुधारणाही फुगलेली दिसते. सगळ्या वेळा लहान ते मोठ्या अशा ओळीनं लावायच्या आणि मधोमध येईल ती घ्यायची. डिसेंबरचे ३९ आहेत, तर विसावी. फेब्रुवारीचे ४४ आहेत, तर बाविसावी आणि तेविसावी यांच्या मधली. वहीवर होतं हे काम, एक्सेल येत नसलं तरी.

एक प्रश्न मात्र तुम्हाला नक्की विचारतील: “वेळ कमी केला, पण त्यापायी दुसरीकडं काय बिघडलं?” घाईत केलेल्या फाइली बिलिंगकडून जास्त परत आल्या का? रात्री चार्जेस टाकल्यामुळे सकाळचं काही राहून जायला लागलं का? रुग्णाला औषधं समजावून सांगायचा वेळ कापला गेला का? तुम्ही म्हणालात की पहिल्या दोन आठवड्यांत फाइली उलट जास्त परत यायला लागल्या, कारण सकाळचं इंजेक्शन आणि सलाइन कोणी टाकायचं यावर रात्रपाळी आणि सकाळपाळी एकमेकींकडे बोट दाखवायच्या. मग तुम्ही हँडओव्हरच्या वहीत ‘रात्री अमुक वेळेपर्यंतचे चार्जेस टाकले’ अशी ओळ घातली आणि ते थांबलं. ही गोष्ट समरीत मावणार नाही, पण मुलाखतीत आवर्जून सांगा. सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत झालं असं सांगणाऱ्यावर कुठलाही अनुभवी मॅनेजर विश्वास ठेवत नाही.

आणि याचे रुपये करू नका. ‘महिन्याला इतके खाटांचे तास वाचवून हॉस्पिटलचे इतके लाख वाढवले’ असं लिहायचा मोह होतो. दोन वाजता मोकळी झालेली खाट कॅज्युअल्टीत कोणी वाट पाहत असेल तरच कमाई देते, आणि किती जण वाट पाहत होते हे तुमच्याकडं लिहिलेलं नाही.

आता कॅथेटरच्या इन्फेक्शनबद्दल. ते लिहू नका, निदान तुम्ही म्हणता तसं नाही.

निम्मं झालं म्हणजे किती, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं, एका महिन्यात दोन होते, दुसऱ्या महिन्यात एक. हा दर एक हजार कॅथेटर दिवसांमागे काढतात, हे तुम्हाला माहीत आहे. रोज ठरलेल्या वेळी वॉर्डात किती जणांना कॅथेटर आहे ते मोजायचं, महिन्याची बेरीज म्हणजे कॅथेटर दिवस. तुमच्याकडं रोज सरासरी सात जण धरले तर महिन्याचे २१० दिवस होतात. दोन इन्फेक्शन म्हणजे दर ९.५, एक म्हणजे ४.८. कागदावर पन्नास टक्के घट झाली, आणि प्रत्यक्षात फरक एका रुग्णाचा. पुढच्या महिन्यात तीन झाले तर काय म्हणाल? क्वालिटीतल्या माणसाला हे चटकन दिसतं, आणि मग तो तुमच्या डिस्चार्जच्या खऱ्या आकड्याकडंही संशयानं पाहतो.

त्याऐवजी तुमच्या हातात काय होतं ते बघा. रोज सकाळी ‘याला कॅथेटर अजून लागतं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नियम तुम्ही लावला. तो विचारला की नाही याची खूण चार्टवर होते. ते काम तुमचं, ते दाखवता येतं. इन्फेक्शनच्या दरावर बोलायचंच असेल तर निदान सहा महिन्यांचे दिवस एकत्र करून बोला, आणि तेही तोंडी. शिवाय हा दर तुमच्या सध्याच्या हॉस्पिटलचा आहे. शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या एचआरच्या टेबलावर तो छापून पाठवणं शहाणपणाचं नाही. नागपूर किती लहान आहे, हे मी तुम्हाला काय सांगू! धंतोलीत शिंकलं तर रामदासपेठेत ऐकू जातं.

‘मॅनेजमेंट केलंच कुठं’ या प्रश्नाचं दुसरं उत्तर तुमच्या ड्युटीच्या तक्त्यात आहे. तुम्ही सकाळी पाच, दुपारी चार आणि रात्री चार अशा रोजच्या तेरा ड्युटी भरता. आठवड्याच्या झाल्या ९१. सोळा जण, प्रत्येकाला एक ऑफ, म्हणजे आठवड्याला ९६ ड्युटी मिळतात. उरल्या पाच. त्या पाचात कोणाची आजारी रजा, कोणाच्या मुलाची परीक्षा, ताजबागचा उरूस, लग्नसराई, आणि हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचसाठीचं ट्रेनिंग. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी तीस टक्के राखीव माणसं धरतात. तेरावर तीस टक्के धरले तर सतरा होतात. तुमच्याकडं सोळा आहेत. पाच वर्षं तुम्ही एक माणूस कमी असताना वॉर्ड चालवला आणि तो हिशोब कधी कोणाला दाखवला नाही. ‘रोस्टर बनवते’ म्हटलं की कारकुनी वाटते. ‘१६ जणांत आठवड्याच्या ९१ ड्युटींचं नियोजन’ म्हटलं की ऑपरेशन्सच्या माणसाला लगेच कळतं तुम्ही कसल्या अडचणीत काम करत होता.

इथं क्रियापदांबद्दल जरा थांबते, कारण तुमच्या दुसऱ्या मसुद्यात (हो, भाच्यानं हात मारलाच) ‘बजेट सांभाळलं’ आणि ‘भरती केली’ असं आलं आहे. तुम्ही वॉर्डाचा इंडेंट काढत होता. किती माल लागेल ते ठरवत होता, मुदत संपत आलेली औषधं वेळेत परत पाठवत होता. बजेट मंजूर करत नव्हता. नव्या मुलींची मुलाखत मेट्रन घेत होत्या, तुम्ही पहिला महिना त्यांना तयार करत होता. मग तेच लिहा: ‘इंडेंट आणि साठ्याची जबाबदारी’, ‘नव्या परिचारिकांचं वॉर्डातलं प्रशिक्षण’. डिस्चार्जच्या बाबतीतही ‘मी केलं’ लिहू नका, कारण फार्मसी आणि बिलिंग तुमच्या हाताखाली नव्हते. त्यांना तुम्ही राजी केलं. ‘फार्मसी, आरएमओ आणि बिलिंगसोबत’ हे शब्द तुमचं काम लहान करत नाहीत. ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही अशा विभागांकडून काम करून घेणं, असिस्टंट मॅनेजरचा अर्धा दिवस त्यातच जातो. मुलाखतीत “बजेट किती होतं तुमचं?” असा एक प्रश्न आला आणि तुम्ही गडबडलात, की उरलेलं सगळं खरं असूनही पाण्यात.

तर समरी अशी होईल. अर्ज इंग्रजीत जाणार आहे, पण आधी मराठीत पक्की करून घ्या. ज्या ओळीचा अर्थ मराठीत मेट्रनला सांगता येत नाही, ती इंग्रजीतही ठेवू नका.

*नोंदणीकृत परिचारिका (जीएनएम, पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग), १२ वर्षांचा अनुभव. शेवटची ५ वर्षं १२० खाटांच्या खासगी रुग्णालयात २८ खाटांच्या मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज. १६ जणांच्या गटात आठवड्याच्या ९१ ड्युटींचं नियोजन, वॉर्डाचा इंडेंट व साठा, नव्या परिचारिकांचं प्रशिक्षण आणि एनएबीएचसाठीच्या वॉर्डाच्या नोंदी यांची जबाबदारी. आरएमओ, फार्मसी व बिलिंगसोबत डिस्चार्जची पूर्वतयारी आदल्या रात्री सरकवून रोखीच्या रुग्णांचा ‘आदेश ते गेट पास’ कालावधी ५ तास १० मिनिटांवरून ३ तास २० मिनिटांवर आणला, मनुष्यबळ न वाढवता. रुग्णप्रवाह आणि विभागांमधला समन्वय या कामासाठी ऑपरेशन्स विभागात अर्ज.*

यात मेहनती, प्रामाणिक, प्रेमळ यांपैकी काही नाही. ‘जीव ओतून’ पण नाही. पहिल्या वाक्यात तुम्ही नर्स आहात हे लपवलेलं नाही. काही जणी लपवतात, ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ वगैरे लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं ही बाई काउंटरवर होती की काय. खाटेजवळची बारा वर्षं हेच तुमचं बळ आहे, कारण एमएचए ही हॉस्पिटल व्यवस्थापनाची पदवी घेऊन थेट ऑफिसात आलेल्या मुलाला रात्रपाळीत चार्जेस कोण टाकतं हे ठाऊक नसतं.

तुम्ही विचारलं नाही, पण एमएचएचं सांगते. जाहिरातीत ती पदवी ‘आवश्यक’ असेल तर ही समरी ती उणीव भरून काढणार नाही, एचआर पहिल्याच चाळणीत अर्ज बाजूला ठेवेल. ‘असल्यास प्राधान्य’ असेल तर बिनधास्त अर्ज करा. समरीत ‘एमएचए करण्याचा मानस’ असलं काही घालू नका. प्रवेश घेतला असेल तर शिक्षणाच्या रकान्यात लिहा, नसेल तर गप्प राहा.

हीच समरी उद्या क्वालिटीच्या जागेसाठी पाठवायची झाली तर तशीच्या तशी चालणार नाही. तिथं ड्युटीची ओळ आखडती घ्या आणि कॅथेटरचा रोजचा आढावा, पडण्याच्या घटना आणि औषधाच्या चुका कळवण्याच्या नोंदी, एनएबीएचच्या तपासणीत तुमच्या वॉर्डात निघालेल्या त्रुटी आणि त्या कशा बंद केल्या, हे पुढं आणा. डिस्चार्जचा आकडा ठेवा, पण त्याच्यासोबत दोन महिन्यांचे मिळून ८३ रुग्ण मोजले हेही लिहा. ऑपरेशन्सचा माणूस ‘किती कमी झालं’ ते आधी पाहतो, क्वालिटीचा ‘किती जणांवरून म्हणता’ ते.

अर्ज पाठवण्याआधी मेट्रनना सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा, प्रत्येक हॉस्पिटलातली हवा वेगळी. पण डिस्चार्जचा तो आकडा एकदा क्वालिटी सेलकडून तोंडी तपासून घ्या. डिस्चार्जला लागणारा वेळ एनएबीएचसाठी तेही मोजत असतात. त्यांचं घड्याळ वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, त्यांनी रोख आणि कॅशलेस एकत्र धरले असतील, आणि मग त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा निघेल. तसं झालं तर तुमचा चुकला असं समजू नका. फक्त दोन्हींत फरक का आहे ते दोन वाक्यांत सांगता येईल असं ठेवा, कारण नव्या हॉस्पिटलातून तुमच्या जुन्या हॉस्पिटलात कोणीतरी कोणाला तरी फोन करणारच आहे.